यादी नाही म्हणून स्नोबॉल? ऊसतोड महिलांच्या सर्व्हेवरून वाद

शोधयात्री
ऊसतोड महिलांवर पीएचडी करतोय. पूर्ण यादी कुठेच मिळत नाही, म्हणून स्नोबॉल घेतलं. ओळखीच्या एका मुकादमापासून सुरुवात केली, एकीने दुसरीचं नाव सांगितलं, असं करत १२० झाल्या. निष्कर्ष असा की ७० टक्के घरांची उचल हंगामाअखेर फिटत नाही. आता एक परीक्षक विचारतात पर्पजिव्ह का नाही, म्हणजे निकष लावून मुद्दाम का नाही निवडल्या; दुसरे विचारतात कोटा का नाही, म्हणजे गटागटाचा आकडा ठरवून का नाही घेतल्या. माझं स्पष्ट मत : यादी नसेल तर तिन्ही सारखेच, नावं तेवढी वेगळी. कुठलंही घ्या, प्रबंधात एक परिच्छेद लिहा. उगाच बाऊ कशाला?

अनघा_कोरेगाव
बाऊ यासाठी, की हे ७० टक्के नेमके कोणाचे, ते तुम्हालाच सांगता येणार नाही.

स्नोबॉल लागतं ते माणसं लपलेली असतात आणि फक्त एकमेकांनाच ठाऊक असतात तेव्हा. उचल अंगावर ठेवून हंगामाच्या मध्यातच फड सोडून गेलेली जोडपी घ्या. ती कारखान्यावर सापडत नाहीत आणि गावात गेलात तर खरं सांगत नाहीत. तिथे विश्वासातल्या कोणीतरी पुढचं नाव दिल्याशिवाय काम होत नाही, मी स्वतः केलंय. पण हंगामात तोड करणारी बाई कुठे लपलीय? गाडी सेंटरच्या, म्हणजे बैलगाडीवाल्यांच्या तळावरच्या कोप्या रस्त्यावरून दिसतात. कागदावरची यादी नाही एवढंच.

आता तुमची साखळी बघा. मुकादमाने पहिलं नाव दिलं ते त्याच्याच टोळीतलं. तिने जाऊ सांगितली, जावेने शेजारची कोपी. टोळी बहुधा एका गावची, बऱ्याचदा एकाच भावकीतली. म्हणजे बायका १२० असल्या तरी टोळ्या तीन-चार असतील. आणि तुम्ही मोजलंत काय, तर उचल! उचल किती द्यायची, टनाचा दर काय धरायचा, खाडे कसे कापायचे, हे सगळं मुकादमाच्या वहीत ठरतं. तुम्ही १२० बायकांना विचारलं, पण उत्तर तीन-चार वह्यांचंच आलं. दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून साखळ्या सुरू केल्या असत्या, कोणाला कोणी पाठवलं ते लिहून ठेवलं असतं, तर निदान तपासता आलं असतं : एका साखळीत ९० टक्के आणि दुसरीत ४० आले, तर साखळी सुरुवात सोडून हललीच नाही असं समजायचं. तुमच्याकडे सुरुवातच एक. तपासणार कशाशी?

गणितमास्तर
स्नोबॉलला इतकं झोडपायची गरज नाही. समाजशास्त्रज्ञ हेकाथॉर्न यांनी १९९७ सालीच यावर उपाय दिलाय. पुढच्यांना बोलावायला प्रत्येकाला मोजकीच कूपनं द्यायची, तो असे किती लोक ओळखतो ते विचारायचं आणि जास्त ओळखी असलेल्याचं वजन कमी करायचं. पुरेशा फेऱ्या झाल्या की सुरुवात कोणापासून केली याला महत्त्व उरत नाही. शोधयात्री, वजनं लावा आणि विषय संपवा.

अनघा_कोरेगाव
अर्धं बरोबर. वजनं लावायला 'तुम्ही किती जणींना ओळखता' हा प्रश्न मुलाखतीतच विचारलेला हवा. आता घरी बसून तो आकडा कुठून आणणार? आणि कूपनं मोजकी नसतील तर एकच बडबडी बाई वीस नावं देते. तुमची साखळी तिच्याभोवतीच फिरत राहते. मुख्य अट तर तुम्ही गाळलीच : ओळखींचं जाळं सलग पाहिजे. पाटोद्याची टोळी आणि शिरूर कासारची टोळी एकाच कारखान्याला आल्या तरी बायकांची ओळख होतेच असं नाही. पहाटे फड, रात्री चूल. त्या दोन टोळ्यांत पूल नसेल तर कितीही फेऱ्या करा, साखळी पलीकडे जात नाही.

गणितमास्तर
पूल नसतोच हे तुम्ही कशावरून ठरवलं? आठवडी बाजार असतो, पाणवठा असतो. असो.

मतदार_क्र_१
मतदारयादी घ्या ना! सगळ्यांची नावं आहेत, फुकट मिळते.

अनघा_कोरेगाव
त्यात गावातले सगळे आहेत. तोडीला कोण जातं हे नाही.

मार्केटवाला
आमच्याकडे कोटा चालतो आणि छान चालतो. वय, लिंग, उत्पन्नगट ठरवून द्यायचे, पोरं संध्याकाळपर्यंत फॉर्म भरून आणतात. तुम्ही विद्यापीठवाले याला नाकं मुरडता आणि आमच्याच आकड्यांवर लेख लिहिता.

अनघा_कोरेगाव
कोट्याला मी नाही म्हणतच नाहीये. शोधयात्रींच्या प्रश्नाला तिघांतल्या त्यातल्या त्यात कोटाच जवळचा, कारण त्यांना 'किती' सांगायचंय. मात्र कोटा ठरवायला माणसांची यादी नसली तरी गटांचं प्रमाण माहीत हवं. इथे ते मिळू शकतं. कारखान्याच्या शेतकी विभागाकडे तोडणी-वाहतुकीचे करार असतात. बैलगाड्या किती आणि ट्रॅक्टर-ट्रकच्या टोळ्या किती, हे त्यावरून कळतं. समजा हजार कोयत्यांपैकी, म्हणजे जोडप्यांपैकी, ३०० गाडी सेंटरचे आणि ७०० डोकी सेंटरचे, म्हणजे ट्रॅक्टर-ट्रकच्या टोळ्यांतले निघाले, तर १२० मधल्या ३६ बायका गाडी सेंटरच्या आणि ८४ डोकी सेंटरच्या घ्यायच्या. हा भेद शोभेचा नाही. गाडीवाले कारखान्याजवळ तळ ठोकून असतात, डोकीवाले गावोगाव हलतात. गाडीवाल्याची गाडी-बैलांची भानगड वेगळी, हिशेब वेगळा.

पण तुमची पोरं संध्याकाळपर्यंत फॉर्म भरून आणतात, तिथेच घोळ आहे. ३६ चा आकडा भरायचाय म्हटल्यावर पोरगा रस्त्यालगतच्या कोपीत जातो आणि दुपारी घरी सापडेल तिला विचारतो. दुपारी कोपीत असते ती बाळंतीण, आजारी किंवा म्हातारी. फडावरची बाई सुटली, आणि कोटा कागदावर चोख भरला! अमेरिकेत १९४८ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत गॅलप, रोपर, क्रॉसली या तिन्ही मतचाचणीवाल्यांनी ड्यूई जिंकणार म्हणून सांगितलं होतं, निवडून आले ट्रुमन. त्यांची मोजणी मतदानाच्या बऱ्याच आधी थांबली हेही एक कारण होतं. पण गटांचे कोटे भरून झाल्यावर कोणाला विचारायचं हे मुलाखतकाराच्या मर्जीवर होतं, ते दुसरं.

मार्केटवाला
१९४८! आमच्याकडे तेव्हा कंपनीसुद्धा नव्हती. बरं मग पोरांना काय सांगायचं, दारं मोजा?

अनघा_कोरेगाव
हो, अगदी तेच. तळाच्या लांबच्या टोकापासून सुरू करायचं, दर पाचवी कोपी, आणि बाई फडावर असेल तर संध्याकाळी परत यायचं, शेजारची घ्यायची नाही. त्याने कोटा काही शास्त्रशुद्ध यादृच्छिक होत नाही, पण पोराच्या आळसाला आळा बसतो.

आणि कोयता म्हणजे जोडपं, हे विसरू नका. एकटी बाई अर्धा कोयता म्हणून दुसऱ्या कोणाबरोबर जोडली जाते. कोयत्यांवर कोटा बांधलात तर नवरा वारलेल्या, टाकलेल्या बायका आपोआप गळतात, आणि उचलीचा फास बहुधा त्यांनाच जास्त बसतो. त्यांच्यासाठी ठरवून वेगळ्या जागा ठेवाव्या लागतील.

मुकादमाचा_पोर
दोन दिवस वाचतोय. प्रत्येक प्रतिसादात मुकादम म्हणजे खलनायक. 'उचलीचा फास' म्हणे! उचल येते कुठून? कारखान्याशी, वाहतूकदाराशी करार वडिलांच्या नावावर असतो. एका वर्षी आमची सहा जोडपी उचल घेऊन दुसऱ्या टोळीला गेली. वसुली कोणाकडून झाली? आमच्याकडून. दोन एकर गेलं. त्यावर कोणाची पीएचडी आहे का?

आष्टीची_सून
तुमचं दोन एकर गेलं, आमच्या सासूबाईंचं आयुष्य गेलं. उचल फिटली नाही म्हणून पुढच्या हंगामाला परत त्याच मुकादमाकडे, त्याच्या मर्जीच्या दराने. किती उरली हे विचारलं की उत्तर काय तर 'वहीत आहे'. आणि वही कधी दाखवली नाही.

मुकादमाचा_पोर
सगळे एकसारखे नसतात. आमची वही दाखवतो.

आष्टीची_सून
आता दाखवाल, इंटरनेटवर.

मुकादमाचा_पोर
दाखवतो म्हणालो ना. आणि 'यादी नाही, यादी नाही' करताय, यादी वहीतच आहे! कोण कधी आलं, किती उचल, किती टन, कोण पळालं. मागितली कधी कोणी? शोधयात्री आमच्यासारख्याच एकाकडे जाऊन बसले आणि नावं तोंडी घेतली.

अनघा_कोरेगाव
मुकादमाचा_पोर, खरं सांगू, या धाग्यातला सगळ्यात कामाचा मुद्दा तुम्हीच काढलात. वीस मुकादमांच्या वह्या मिळाल्या, तर त्यातून चिठ्ठ्या टाकूनही निवड करता येईल आणि तिन्ही पद्धतींची गरजच उरणार नाही.

दोन अडचणी मात्र आहेत. वहीत बहुतेक नाव पुरुषाचं असतं, बाईला 'त्याची जोडी' म्हणून शोधावं लागतं. आणि कोणाची मुलाखत झाली हे मुकादमाला कळलं, तर उचलीच्या प्रश्नावर बाई खरं बोलेल का? वही मुकादमाकडून घ्यायची, पण निवड त्याला कळू द्यायची नाही. हे कसं जमवायचं ते मलाही पूर्ण सुचलेलं नाही.

मुकादमाचा_पोर
कळतंच हो. तळावर नवं माणूस आलं की पाच मिनिटांत कळतं.

शोधयात्री
ठीक आहे. तिन्ही सारखे नाहीत, मान्य. आपण सगळे किती हुशार आहोत हेही सिद्ध झालं. आता हंगाम संपत आलाय, जूनमध्ये प्रबंध द्यायचाय, बायका गावाकडे निघाल्यात. १२० मुलाखती गंगेत सोडू का? माझे गाईड तर म्हणतात, बारा मुलाखतींतच सगळं येतं असं संशोधन आहे, तुझ्याकडे दसपट आहेत.

अनघा_कोरेगाव
त्या संशोधनाची बारा कशी होती तेही गाईडना विचारा. घाना आणि नायजेरियातल्या ६० बायकांच्या मुलाखती होत्या, २००६ चा लेख. विषय आटोपशीर, बायका बऱ्याच सारख्या परिस्थितीतल्या, आणि नवे मुद्दे कधी यायचे थांबतात एवढंच पाहिलं होतं. मुद्दे कोणते हे बारांत कळू शकतं. किती जणींच्या बाबतीत ते खरे, हे बारांत नाही आणि तुमच्या १२० तही नाही.

मुलाखती सोडू नका. ७० टक्के हा आकडा शीर्षकातून आणि निष्कर्षातून काढा, 'एका मुकादमाच्या ओळखीतून भेटलेल्या १२० पैकी ८४ जणी' एवढंच लिहा. मग प्रश्न बदला : उचल फिटत नाही ती कशी, कोणत्या टप्प्यावर? त्यासाठी पर्पजिव्ह. हातातल्या १२० मधून पंधरा-वीस जणी मुद्दाम निवडा. जिची फिटली ती, जिची तीन हंगाम फिटली नाही ती, अर्धा कोयता, पहिल्याच हंगामाची, आणि जिने मुकादम बदलला ती. आता गावी गेल्यात तर उलट बरं, तिथे मुकादम शेजारी बसलेला नसेल. निवड कोणत्या निकषावर केली ते आधी लिहून ठेवा, नाहीतर परीक्षक म्हणतील की हवं ते बोलणाऱ्या उचलल्यात.

मुकादमाचा_पोर
गावी मुकादम शेजारीच राहतो. त्याच गल्लीत.

गणितमास्तर
आणि मुद्दाम निवडलेल्या वीस जणींवरून काय सिद्ध होणार? मला हे पर्पजिव्ह म्हणजे अजूनही संशोधकाच्या आवडीला दिलेलं भारदस्त नाव वाटतं. निदान साखळीत बायका तरी बायकांची नावं देतात.

अनघा_कोरेगाव
यावर वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

शोधयात्री
पळून गेलेल्यांचा एक भाग जोडता येईल असं वाटतंय, तिथे तरी स्नोबॉल चालेल ना? मुकादमाचा_पोर, त्या सहा जोडप्यांपैकी कोणाचा पत्ता असेल तर व्यनि करा.

मुकादमाचा_पोर
पत्ता असता तर दोन एकर गेलं असतं का?