अनुभव धागा : ऑटो-टॅक्सीचे बिल तुम्ही कसे तपासता? (नागपूर)

त्रिमूर्तीनगरचा रहिवासी (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात रात्री साडेबाराच्या सुमारास रेल्वे स्टेशनवर उतरलो आणि ऑटोने घरी आलो. मीटर बंद असल्यामुळे बसण्यापूर्वीच असे ठरले की, ऑटोत लावलेल्या भाडेपत्रकाप्रमाणे हिशेब करायचा. त्या पत्रकावर पहिल्या दीड किलोमीटरला २७ रुपये, पुढील प्रत्येक किलोमीटरला १८ रुपये, थांबण्यासाठी मिनिटाला १ रुपया ८० पैसे आणि रात्री १२ ते पहाटे ५ या वेळेत २५ टक्के जादा, असे छापलेले होते. वाटेत शंकरनगरला आईची औषधे घेण्यासाठी मी १२ मिनिटे थांबलो. फोनवरील नोंदीप्रमाणे एकूण अंतर ८.४ किलोमीटर भरले.

घरापाशी चालकाने कागदाच्या पाठीवर लिहून दाखवलेला हिशेब जसाच्या तसा देतो : २७ अधिक ८.४ गुणिले १८ म्हणजे १५१.२०, मिळून १७८.२०. थांबण्याचे २१.६०, म्हणजे १९९.८०. त्यावर रात्रीचे २५ टक्के, ४९.९५. एकूण २४९.७५, म्हणून २५० रुपये. बेरीज-गुणाकारात कुठेही चूक नव्हती, अक्षर स्वच्छ होते आणि मी पैसे देऊन मोकळा झालो. सकाळी तोच कागद चहा पिताना पुन्हा वाचला तेव्हा चूक कुठे आहे ते दिसले. २७ रुपयांत पहिले दीड किलोमीटर आलेले असताना त्याच दीड किलोमीटरचे १८ च्या दराने पुन्हा २७ रुपये लागले होते. बरोबर हिशेब असा होतो : २७ अधिक ६.९ गुणिले १८, म्हणजे १५१.२०, थांबण्यासह १७२.८०, २५ टक्क्यांसह नेमके २१६ रुपये. चालकाने मुद्दाम फसवले असे मला वाटत नाही, कारण कागद त्याने स्वतःहून माझ्या हातात दिला होता.

आपापले अनुभव लिहावेत. ठरवून घेतलेल्या भाड्याचे नव्हे, तर ज्यात मूळ भाडे, अंतर, थांबणे आणि रात्रीचा आकार वेगवेगळे मांडले होते अशा बिलांचे.

मनीषनगर_०७

माझे बिल मोबाइल ॲपवरून बोलावलेल्या टॅक्सीचे होते आणि त्यात मूळ भाडे, अंतर व ‘वेळ’ अशा तीन ओळी होत्या. मी कुठेही थांबलो नव्हतो, तरी २६ मिनिटांचे पैसे लागले. हीच ती थांबण्याची लबाडी ना?

त्रिमूर्तीनगरचा रहिवासी

नाही, आपले प्रकरण वेगळे आहे. ॲपच्या टॅक्सीत ‘वेळ’ म्हणजे बहुधा गाडी सुरू झाल्यापासून प्रवास संपेपर्यंतची सगळी मिनिटे असतात. अंतराचे पैसे आणि वेळेचे पैसे तिथे एकत्रच चालतात, कारण ते भाडे तसेच बांधलेले असते. ऑटोच्या भाडेपत्रकातील थांबण्याचा दर गाडी उभी असतानाच्या मिनिटांसाठी असतो. तुमचा प्रवास खरोखर २६ मिनिटांचा झाला का, एवढेच पडताळून पाहावे लागेल. चालक तुमच्या दारात वाट पाहत उभा होता त्याचा आकार मात्र निराळ्या ओळीत येतो.

धरमपेठची अनघा

या हिशेबावरून मी एकदा चांगलीच तोंडघशी पडले आहे. घरापासून झाशी राणी चौकापर्यंत १.१ किलोमीटर गेले, ऑटोवाल्या दादांनी २७ रुपये मागितले आणि मी मोठ्या तोऱ्यात त्यांना १.१ गुणिले १८ म्हणजे १९ रुपये ८० पैसे होतात असे सांगितले. त्यांनी शांतपणे पत्रकाकडे बोट दाखवले. दीड किलोमीटरच्या आत कितीही कमी गेलात तरी २७ च द्यावे लागतात, हे मी वाचलेच नव्हते. उरलेल्या चारशे मीटरचे पैसे परत मागणे म्हणजे अर्धी थाळी टाकून अर्धे बिल मागण्यासारखेच झाले.

मीटरवाले काका

मी चौतीस वर्षे ऑटो आणि टॅक्सीचे मीटर दुरुस्त केले, आता दुकान मुलाकडे आहे. अनघाताईंची आणि धागाकर्त्यांची गोष्ट एकाच आकड्यातून निघते. २७ ला दीडने भागा, १८ येतात. म्हणजे या पत्रकात पहिला टप्पा महाग नाही, स्वस्तही नाही, तो त्याच दराने आगाऊ घेतलेला आहे. त्यामुळे दीड किलोमीटरच्या पुढे गेलेल्या कुठल्याही प्रवासात मूळ भाडे विसरून जायचे आणि सरळ एकूण किलोमीटर गुणिले १८ करायचे. ८.४ ला १८ ने गुणा, १५१.२० येतात, तेवढेच तर बरोबर आहे. चालकानेही हाच गुणाकार केला होता. तिथेच थांबायचे सोडून त्याने वर २७ चढवले, म्हणून बिल २७ आणि त्याचे २५ टक्के, म्हणजे ३३.७५ ने वाढले. तुमच्या बिलात असाच फरक निघाला तर चूक शोधण्यासाठी दुसरीकडे जाण्याचे कारण नाही. मात्र दुसऱ्या शहरातले किंवा बदललेले पत्रक असेल तर आधी भागाकार करून पाहावा, कारण पहिल्या टप्प्याचा दर पुढच्या दरासारखाच असेल असे नाही.

थांबण्याबद्दल एक सांगतो. मीटर चालू असेल तर घड्याळ पाहून मिनिटे वेगळी लावायची नसतात. मी ज्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर काम केले ती एका वेळी एकच मोजतात, अंतर किंवा वेळ. मिनिटाला १.८० म्हणजे तासाला १०८ रुपये, त्याला १८ ने भागले की ६ येतात. गाडी तासाला ६ किलोमीटरपेक्षा हळू चालली की मीटर वेळेवर जातो, जोरात चालली की अंतरावर येतो. बर्डीच्या गर्दीत तीन मिनिटांत दोनशे मीटर सरकलात तर अंतराचे ३.६० आणि वेळेचे ५.४० होतात. मीटर त्यातले ५.४० च घेईल, दोन्ही मिळून ९ रुपये घेणार नाही. म्हणून मीटरचा आकडा घेऊन वर ‘सिग्नलवर सात मिनिटे थांबलो’ असे कोणी जोडत असेल तर ती दुहेरी वसुली आहे.

बेंगळुरूहून परतलेला

२५ टक्के हा आकडाच चुकीचा वाटतो. रात्री दीडपट भाडे असते आणि ते १० वाजता सुरू होते. शिवाय थांबण्याची पहिली पाच मिनिटे मोफत असतात, त्यामुळे धागाकर्त्यांनी १२ ऐवजी ७ मिनिटांचेच पैसे द्यायला हवे होते.

त्रिमूर्तीनगरचा रहिवासी

आपण सांगता ते बेंगळुरूच्या ऑटोसाठी बरोबर आहे, पण तिथला नियम इथल्या हिशेबाला लावता येत नाही. माझ्या ऑटोतील पत्रकावर मोफत मिनिटांचा उल्लेख नव्हता. तसा असता तर थांबण्याचे १२.६० आणि एकूण २०४.७५ झाले असते.

अजनीचा ऑटोचालक

मी स्वतः ऑटो चालवतो, म्हणून दुसरी बाजू लिहितो. आमच्यातली नवी मुले ‘बसताच २७, मग किलोमीटरला १८’ असे ऐकून शिकतात आणि त्यातला ‘मग’ विसरतात. मीटर लावणारा क्वचितच भेटतो, त्यामुळे हिशेब करायची सवय कुणालाच राहिलेली नाही. सवारीलाही नाही, आम्हालाही नाही. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे विचारतो. थांबण्याच्या पैशांवर रात्रीचे २५ टक्के का लावू नयेत? दिवसा बारा मिनिटे उभे राहणे आणि मध्यरात्री शंकरनगरच्या सुनसान चौकात उभे राहणे यांत फरक आहे. धागाकर्त्यांनी लावले, पण माझी एक सवारी त्यावरून वाद घालून पाच रुपये कमी देऊन गेली.

मीटरवाले काका

दोन्ही पद्धती पाहिल्या आहेत. थांबण्यासह २५ टक्के लावले तर २१६, फक्त अंतरावर लावले तर १८९ अधिक २१.६०, म्हणजे २१०.६०. फरक ५ रुपये ४० पैशांचा. मीटर रात्रीच्या पद्धतीवर असेल तर तो एकूण आकड्यावर लावतो, असा माझा अनुभव आहे. हाताने हिशेब करताना मात्र पत्रकावरील ओळ कशी लिहिली आहे ते वाचावे, ‘एकूण भाड्यावर’ की नुसते ‘भाड्यावर’. नुसते ‘भाड्यावर’ असेल तर वाद मिटणार नाही.

धरमपेठची अनघा

मग रात्री पावणेबाराला बसलो आणि सव्वाबाराला उतरलो तर काय करायचे? समजा बारा वाजेपर्यंत ५ किलोमीटर झाले आणि पुढे ३.४.

अजनीचा ऑटोचालक

उतरताना जी वेळ, तो दर. मी तरी असेच घेतो.

त्रिमूर्तीनगरचा रहिवासी

मला हे पटत नाही. बारानंतरच्या ३.४ किलोमीटरवर २५ टक्के लावले तर जादा फक्त १५.३० येतात, पूर्ण प्रवासावर लावले तर ३७.८०. चालक बसवतो तेव्हाची वेळ धरावी असे म्हणणारेही मला भेटले आहेत, त्यांच्या हिशेबाने काहीच जादा येत नाही. तीन जणांची तीन उत्तरे आहेत, आणि माझ्यासमोरच्या पत्रकात याबद्दल एकही ओळ नव्हती. मी त्या वेळी बसलो तर ऑटो निघण्याआधीच विचारून घेईन.

हिंगणा रोडवरून

सगळे गुणाकारावर बोलत आहेत, पण ८.४ हाच आकडा खरा कशावरून? माझ्या ऑफिसपर्यंतचे अंतर एका ऑटोच्या मीटरवर रोज १२.१ येते, दुसऱ्याच्या ११.८. रस्ता तोच.

मीटरवाले काका

बरोबर पकडलेत. मीटर रस्ता मोजत नाही, चाकाच्या फेऱ्या मोजतो. टायर झिजला की चाकाचा घेर कमी होतो, तेवढ्याच रस्त्याला जास्त फेऱ्या लागतात आणि मीटर जास्त किलोमीटर दाखवतो. ऑटोच्या चाकाची त्रिज्या साधारण २० सेंटिमीटर धरली आणि टायर ४ मिलिमीटर झिजला तर फरक २ टक्क्यांच्या आसपास पडतो. ११.८ वर २ टक्के म्हणजे पाव किलोमीटरच्या जवळपास, तुमच्या दोन ऑटोंत साधारण तेवढाच फरक आहे. टायरमधली हवा कमी असली तरी तीच दिशा. एवढ्यावरून चालकाला खोटे ठरवू नये. मात्र तोच रस्ता एखाद्या मीटरवर १४ आला तर तो टायरचा दोष नाही. मग मीटरवरील वैध मापनशास्त्र विभागाची मोहोर शाबूत आहे का ते पाहावे. तार तुटलेली किंवा शिसे दाबलेले दिसले तर मीटर उघडला गेला आहे.

फोनचा आकडाही देवाची वाणी समजू नका. निघण्याआधी नकाशा जे अंतर सांगतो ते त्याने सुचवलेल्या रस्त्याचे असते. उड्डाणपुलाखालून वळसा घेतलात तर ते जुळणार नाही. बसताना नोंद सुरू करा आणि उतरताना बंद करा.

मनीषनगर_०७

माझे बिल पुन्हा पाहिले. प्रवास खरोखर २६ मिनिटांचा होता. पण खाली आणखी ४ मिनिटांचा ‘प्रतीक्षा’ आकार आहे, तो मघाशी दिसलाच नव्हता. लिफ्ट बंद होती, म्हणून मी खाली उतरायला उशीर केला होता.

अजनीचा ऑटोचालक

काका, तो २७ भागिले दीडचा हिशेब आमच्या स्टँडवरच्या पोरांना आज दाखवला. एकाने लगेच विचारले, मग २७ लिहायचेच कशाला? मी त्याला अनघाताईंचे १.१ किलोमीटर सांगितले.