मदत हवी आहे: मुलाचं खातं मोठ्यांचं निघालं, खर्चाची मर्यादा कशी घालू?

लेकाच्या बाराव्या वाढदिवसाला प्लेस्टेशनचा फुटबॉल गेम घ्यायला गेले होते. डबा उलटून बघितला, तर मागे बारीक अक्षरात ‘इन-गेम पर्चेसेस’ आणि कंसात ‘इन्क्लूड्स रँडम आयटम्स’.

“हे काय रे?” मी काउंटरवरच्या मुलाला विचारलं.

“काकू, गेममध्ये खेळाडूंची पाकिटं विकत मिळतात. आत कोण निघेल ते नशिबावर. बेल्जियममध्ये 2018 साली याला जुगार ठरवलं.”

“पण पैसे तर मी आताच देतेय ना?”

“हे गेमचे. पाकिटं खेळून जिंकलेल्या नाण्यांनीही मिळतात, पण मुलं पॉइंट्स विकत घेतात. पॉइंट्स म्हटलं की रुपये किती गेले ते लक्षातच येत नाही. तुमचं कार्ड सेव्ह आहे का?”

आहे! त्याने सांगितलं, मुलाचं चाइल्ड अकाउंट करा आणि फॅमिली मॅनेजमेंटमध्ये महिन्याची खर्चमर्यादा शून्य ठेवा.

गेम न घेताच परतले. घरी बघते तर लेकाने खातं उघडताना जन्मसाल खोटं टाकलंय, म्हणजे ते मोठ्यांचं खातं आणि ही मर्यादा लागूच होत नाही. तूर्तास कार्ड काढून टाकलंय आणि खरेदीला पासवर्ड लावलाय. नवीन खातं उघडलं तर दोन वर्षांची ट्रॉफी आणि सेव्ह केलेले खेळ जुन्याच खात्यात राहतील, म्हणून तो रडकुंडीला आलाय.

जुन्या खात्याचं जन्मसाल कुणी बदलून घेतलंय का? कसं?