चर्चा: मुलाखतीत "बाकीच्यांना सोडून तुम्हाला का घेऊ?" असं विचारलं तर

नवी_क्वालिटी
डिप्लोमा मेकॅनिकल. दोन वर्षं भोसरीत एका छोट्या टर्निंग शॉपमध्ये क्वालिटीला आहे. परवा चाकणला मुलाखत झाली. शेवटी साहेब म्हणाले, "बाहेर अकरा जण बसलेत, त्यात तीन बी.ई. आहेत. त्यांना सोडून तुम्हाला का घेऊ?" मी म्हटलं, मेहनती आहे, लवकर शिकते. ते म्हणाले, "हे अकराही जण म्हणतील." मग मला काही सुचलंच नाही. पुढच्या आठवड्यात दुसरीकडे बोलावलंय. काय बोलू?

सेल्सवाला
अजिबात दबायचं नाही. सरळ सांगायचं, बी.ई.वाल्यांना शॉपफ्लोअरवर हात काळे करायला नको असतात, मला चालतात. आणि एक आकडा ठोकायचा, "रिजेक्शन चार टक्क्यांवरून एकावर आणलं." आकडा ऐकला की समोरचा गप्प होतो.

जुना_गेज
सेल्सवाले, आकडा हवा हे बरोबर. पण क्वालिटीच्या मुलाखतीत आकड्याने कुणी गप्प होत नाही, तिथून तर प्रश्न सुरू होतात. मी बरीच वर्षं असल्या मुलाखती घेतल्या. एका मुलाने असंच रिजेक्शन कमी केल्याचं सांगितलं. विचारलं, टॉलरन्स किती? म्हणाला, प्लस-मायनस ०.०२. मोजलं कशाने? म्हणाला, व्हर्नियरने. साध्या व्हर्नियरचा लीस्ट काउंटच ०.०२ मिमी, त्याहून बारीक फरक त्यात दिसतच नाही. त्याने ते काम केलंच नव्हतं, हे तिथेच कळलं. आणि न पाहिलेल्या बी.ई.वाल्यांना नावं ठेवू नका. समोर बसलेला बहुतेक बी.ई.च असतो.
ताई, तुम्ही स्वतः पकडलेला एखादा दोष सांगा, छोटा असला तरी चालेल.

नवी_क्वालिटी
एक आहे. २५ मिमीचा बुश, टॉलरन्स ±०.०२. सकाळच्या शिफ्टला पहिल्या तासात दहा-बारा पीस बाद व्हायचे. सगळे ऑपरेटरला बोलायचे. मी आठवडाभर मायक्रोमीटरने दर पाचवा पीस मोजून वेळेसकट लिहून ठेवला. मशीन थंड असताना एक माप यायचं, तापल्यावर ते सरकायचं. ऑपरेटर माप जुळवायला थंड मशीनवरच ऑफसेट बदलायचा, म्हणून तासाभराने पीस उलट्या बाजूला बाहेर जायचे. आम्ही सकाळी वीस मिनिटं मशीन रिकामं चालवायला लागलो आणि तोवर ऑफसेटला हात लावायचा नाही असं ठरवलं. आता दोन-तीनच जातात. पण यात माझं असं काय? मी फक्त मोजलं.

जुना_गेज
अहो, हेच तर उत्तर आहे! एवढं घेऊन तुम्ही "मेहनती आहे" म्हणून आलात? दोष माणसावर न ढकलता वेळेप्रमाणे माप लिहिणं हेच इन्स्पेक्टरचं काम. असं बोला: "बाहेरच्यांबद्दल मला माहिती नाही, म्हणून तुलना करत नाही. तुमच्याकडे टर्निंगचं काम आहे, तिथे मी हे केलंय." मग बुशची गोष्ट, दीड मिनिटात. पुढे हमखास विचारतील, "मशीनच तापत होतं कशावरून? कापणारा इन्सर्ट झिजला नसेल?" झिजेने माप हळूहळू एकाच दिशेला जात राहतं आणि इन्सर्ट बदलला की परत येतं. तुमचं माप मशीन तापल्यावर थांबत होतं का, ते वही उघडून बघून जा.

सातारकर
मलापण एका पतसंस्थेत हेच विचारलं होतं. मी खरं ते सांगितलं, वडील आजारी आहेत, घरात कमावणारा मी एकटाच. घेतलं नाही. खरं बोलून काय मिळालं? आपली गरज त्यांना दिसतच नाही.

एचआरवाली
सातारकर, वाईट वाटलं वाचून. पण बाहेर बसलेल्या प्रत्येकाच्या घरी काहीतरी असतं. त्यावरून निवड करायची तर आम्ही कुणाचं दुःख मोठं ठरवणार? त्यांना रोखपाल हवा असेल, तर हिशेब चुकला तेव्हा तुम्ही काय केलंत हे ऐकायचं असतं.
जुना_गेज, तुमचं एक पटत नाही. "तुलना करत नाही" हे मला टाळाटाळ वाटतं. बी.ई.चा उल्लेख त्यांनी केलाय, तर त्याला तोंड द्यायला हवं: "डिझाइनचं शिक्षण त्यांचं जास्त आहे, ते मान्य. या जागेला मोजमाप आणि लाइनवरचा निर्णय लागतो, तो मी दोन वर्षं रोज घेतलाय." शिवाय पहिली फेरी माझ्यासारखीकडे असेल तर ऑफसेट कळणार नाही. तिथे "सकाळचे दहा-बारा बाद पीस दोन-तीनवर आले" इतकंच पुरे.

जुना_गेज
एचआरपुढे थोडक्यात, हे मान्य. पण बी.ई.चं आपण होऊन उकरू नये, यावर मी ठाम आहे. "मान्य" म्हटलं की साहेब तेवढंच धरून बसतात.

सेल्सवाला
मी असतो तर तरी तुलना केलीच असती.

नवी_क्वालिटी
वही बघितली. साधारण पन्नास मिनिटांनी माप थांबतंय. त्या आठवड्यात इन्सर्ट दोनदा बदललाय, पण तेव्हा किती वाजले होते ते लिहिलेलं नाही. हे विचारलं तर?

जुना_गेज
तसंच सांगा, आणि उद्यापासून इन्सर्टची वेळही लिहायला लागा. मुलाखतीपर्यंत चार-पाच दिवसांची नोंद हातात येईल.