मदत हवी आहे: मल्टिमीटर mA वर शून्य दाखवतो, आणि रिले कॉइलचा रोध जास्त येतो

शिकाऊ_हिंगणघाट
नमस्कार. जिनिंग मिलमध्ये इंटर्न आहे. हंगाम संपला, आता मेंटेनन्स सुरू आहे. सरांनी पॅनेलमधलं एक छोटं सर्किट तपासून रीडिंग वहीत लिहायला सांगितलं आहे. 24 व्होल्टचा एसएमपीएस, 1 अँपिअरचा काचेचा फ्यूज, एक पुश बटन आणि एक रिले, एवढंच. एसएमपीएसवर 24.1 V येतात. रिलेच्या डेटाशीटमध्ये कॉइल 650 Ω दिली आहे, म्हणजे करंट साधारण 37 mA यायला हवा.

अडचणी दोन. मीटर mA वर ठेवून सिरीजमध्ये लावला की 0.00 येतं आणि बटन दाबूनही रिले ओढत नाही. मीटर काढून वायर परत जोडली की रिले ओढतो. दुसरं, कॉइलचा रोध 704 Ω येतो. आधी A1 ची वायर काढली होती, सप्लाय बंद होता. वहीत काय लिहू? 650 लिहिलं तर जमेल का?

तारतंत्री_वणी
मीटरचा आतला फ्यूज उडाला आहे भाऊ. मागून स्क्रू खोल, फ्यूज काढ, तांब्याची एक बारीक तार गुंडाळून दे. काम चालू.

पॅनेलवाला
फ्यूज उडाला हे बरोबर, पण तार लावू नका, काकांचं हे ऐकू नका. mA च्या भोकात प्रोब असताना मीटर जवळपास नुसत्या वायरसारखा असतो. अशा वेळी कोणी तो व्होल्टेज मोजायला सप्लायच्या दोन टोकांवर टेकवला, तर तो सरळ शॉर्ट. बहुतेक आधी कोणीतरी करंट मोजून लाल प्रोब तिथंच ठेवली आणि पुढच्याने 24 V मोजायला घेतले. 24 वर फ्यूज जाऊन भागलं. हीच चूक पॅनेलच्या 230 च्या बाजूला झाली आणि आत तार असली, तर मीटर हातात फुटतो.

खात्री अशी करा. लाल प्रोब V-Ω च्या भोकात ठेवा, मीटर रोधावर घ्या, आणि त्याच प्रोबचं टोक mA च्या भोकात आत टेकवा. काळी लागत नाही. फ्यूज चांगला असेल तर काही ओहम दिसतात, गेला असेल तर OL. असंच 10A च्या भोकातही पाहा, तिथं शून्याच्या जवळ यायला हवं. नवा फ्यूज मीटरवर छापलेल्याच अँपिअरचा आणि व्होल्टचा, सिरॅमिकचा घ्या. रेडिओच्या दुकानातला काचेचा त्याच मापात बसतो, म्हणून लोक लावतात. पण मोठा शॉर्ट आला की त्यातली ठिणगी विझत नाही.

आणि 650 लिहू नका. दिसलं ते लिहा.

कास्तकार_आर्णी
माझं पण विचारतो. पाच एचपीचा पंप आहे, थ्री फेज. रात्रीची लाइट येते तेव्हा मोटर गरम होऊन राहिली. मीटरमध्ये 10A लिहिलं आहे, त्याच्यानंच करंट पाहून घेऊ काय?

पॅनेलवाला
नाही दादा. पाच एचपीला चालू असताना सात-आठ अँपिअर लागतात, पण सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. वायर तोडून मीटर मधे घालायचाच नाही, क्लॅम्प मीटर लावा. तीनही वायरी एकेक करून मोजा. एका फेजवर खूप कमी आणि दुसऱ्या दोन्हींवर जास्त असेल तर फेज जात आहे. हा प्रश्न वेगळ्या धाग्यात टाका, इथं गल्लत होईल.

आयटीआय_निदेशक
704 बद्दल. पॅनेल खोलीत किती तापमान आहे? तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.39 टक्के वाढतो. डेटाशीटमधला आकडा बहुधा 20 किंवा 23 अंशांचा असतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये 43 धरले तर 20 पासून 23 अंशांची वाढ, म्हणजे जवळपास 9 टक्के. 650 चे 708 होतात. तुमचे 704 अगदी शेजारीच बसतात. 24.1 भागिले 704 म्हणजे 34.2 mA. हीच तुमची आजची अपेक्षा, 37 नाही.

नवा फ्यूज येईपर्यंत करंट असा काढा. सप्लाय बंद करा. आउटपुटवर मीटर ठेवून व्होल्टेज 1 च्या खाली जाईपर्यंत थांबा, एसएमपीएसचे कपॅसिटर लगेच रिकामे होत नाहीत. मग कॉइलच्या सिरीजमध्ये 10 Ω, पाव वॅटचा रेझिस्टर घाला. आता सप्लाय देऊन त्या रेझिस्टरवरचे मिलिव्होल्ट मोजा. 340 mV आले तर 34 mA. रेझिस्टर 5 टक्क्यांचा असतो, म्हणून आधी तो मोजून घ्या. प्रोब एकमेकींना टेकवून जे 0.2-0.3 ओहम येतात ते त्यातून वजा करा.

एक आग्रहाचं. काम सुरू करण्याआधी मीटर ज्ञात चालू सप्लायवर तपासा, मग बंद केलेलं सर्किट तपासा, मग मीटर परत त्याच चालू सप्लायवर. मीटर मेला असेल तरी तो शून्यच दाखवतो आणि माणूस ‘बंद आहे’ समजून हात घालतो. एसएमपीएसच्या 230 च्या टर्मिनलवर झाकण असू द्या, एमसीबी पाडून पाटी लावा.

शिकाऊ_हिंगणघाट
सर, केलं. mA च्या भोकात OL आलं, 10A मध्ये 0.3. फ्यूज मागवला. थर्मामीटर पॅनेलमध्ये ठेवला तर 42.5 दिसलं. वहीचं पान असं लिहिलं आहे:

दुपारी 2.40, पॅनेलमध्ये 42.5°, मीटर क्र. 3
एसएमपीएस + ते −, DC V: 24.1 V
कॉइल A1–A2, A1 सुटी, सप्लाय बंद: 704 Ω (डेटाशीट 650)
रेझिस्टर, सुटा: 10.2 Ω, प्रोब 0.3 Ω, म्हणजे 9.9 Ω
रेझिस्टरवर, बटन दाबल्यावर लगेच: 336 mV, म्हणजे 33.9 mA
दहा मिनिटांनी: 317 mV, म्हणजे 32.0 mA
mA रेंज: वापरता येत नाही, फ्यूज उडालेला, OL

पॅनेलवाला
छान लिहिलं. दहा मिनिटांत करंट कमी झाला, तो दोष नाही. कॉइल स्वतःच तापली. म्हणून ‘लगेच’ आणि ‘दहा मिनिटांनी’ हे शब्द फार कामाचे आहेत, नुसतं 32.0 लिहिलं असतं तर उद्या कोणी 33.9 आणून भांडलं असतं. चूक झाली तर आकडा खोडरबरने पुसू नका. एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा आणि सही. OL च्या जागी शून्य कधीच लिहू नका, दोघांचा अर्थ उलटा आहे.

तारतंत्री_वणी
बरं, तार नाही सांगत. पण तापमानाचं मला पटत नाही. कॉइलच्या रोधात कंपनीकडूनच दहा टक्के इकडंतिकडं चालतं. 704 थंडीतही 700 च असेल.

आयटीआय_निदेशक
काकांचा मुद्दा खरा आहे, एका रीडिंगवरून दोन्ही वेगळे करता येत नाहीत. पहाटे पॅनेल थंड असताना, सप्लाय रात्रभर बंद ठेवून, तीच कॉइल मोजा. 31 अंशांना 674 च्या आसपास आली तर फरक तापमानाचा. 700 ला अडली तर काका बरोबर.

शिकाऊ_हिंगणघाट
उद्या सकाळी 5.30 ला मोजतो. पण एक विचारायचं राहिलं. शेजारच्या रिलेची कॉइल त्याच कंपनीची, तोच नंबर. आज त्याच वेळी तिचा रोध 668 आला. तापमान तर दोघींचं एकच आहे नं?

आयटीआय_निदेशक
मग दोन्ही उद्या मोजा, आणि दोघींचं दुपारचं व सकाळचं रीडिंग शेजारी-शेजारी लिहा. घट टक्केवारीत सारखी आली तर 704 आणि 668 मधला फरक बनावटीचा. नाही आली तर A1 चा स्क्रू नीट घासून परत मोजून पाहा.