दुसऱ्या चेंबरचा हक्क कितीचा? कुपवाडच्या कोल्ड स्टोरेजवरून

विश्रामबागकर:
कुपवाडला होणाऱ्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचा प्रोजेक्ट रिपोर्ट वाचला. खर्च ५ कोटी, येणाऱ्या पैशांचं आजचं मूल्य ४.८० कोटी. म्हणजे निव्वळ फरक, एनपीव्ही, वजा २० लाख. फाइल तिथेच बंद व्हायला हवी होती. पण सल्लागार पुढे लिहितो की वर्षभराने २ कोटी घालून क्षमता निम्म्याने वाढवता येईल, त्या ऑप्शनची, म्हणजे हवं तर वाढवायच्या हक्काची, किंमत ६७ लाख, सबब प्रोजेक्ट फायद्यात. त्यात चांगल्या वर्षाची शक्यता ५३ टक्के धरलीय आणि त्याच रिपोर्टच्या बाजार-अभ्यासात ती ६३ टक्के आहे. तोट्यातला धंदा बायनॉमियलच्या नावाखाली फायद्यात दाखवायचा, दुसरं काय?

कृष्णाकाठ:
तुम्ही रिपोर्टवर आरोप केलाय म्हणून सविस्तर लिहितो. ६७ लाखांवर भांडायला जागा आहे, पण ती तुम्ही बोट ठेवलंत तिथे नाही.

आकडे तुमच्याच रिपोर्टातले घेतो. बायनॉमियल म्हणजे दोनच वाटा: वर्षभराने धंद्याचं मूल्य ४.८० कोटींवरून एकतर १.४ पट, ६.७२ होईल, किंवा ०.७ पट, ३.३६. ६.७२ झालं तर निम्म्याने वाढवलेल्या क्षमतेचं मूल्य ३.३६, त्यासाठी खर्च २, हातात १.३६ कोटी. ३.३६ झालं तर वाढीचं मूल्य १.६८, खर्च २, म्हणजे ३२ लाखांचा तोटा. तो तोटा कुणी तुमच्यावर लादत नाही. त्या वर्षी दुसरं चेंबर बांधायचं नाही, हिशेब शून्य. साध्या एनपीव्हीत हे ‘बांधायचं नाही’ कुठेच बसत नाही, म्हणून वेगळी मांडणी लागते.

आता या १.३६ किंवा शून्याची आजची किंमत. धंद्यात ४०.५ टक्के हिस्सा घेतला तर आज १.९४ कोटी लागतील. त्यातले १.२७ कोटी ७ टक्क्यांनी कर्जाऊ घ्या. वर्षाने कर्ज १.३६ कोटी होतं. चांगल्या वर्षी हिस्सा २.७२ चा होतो, कर्ज फेडून १.३६ उरतात. वाईट वर्षी हिस्सा बरोबर १.३६ चा, कर्ज फेडलं की हात रिकामे. ऑप्शन जे देतो, रुपयान् रुपया तेच मिळालं, आणि खिशातून गेले १.९४ वजा १.२७, म्हणजे ६७ लाख. यात शक्यता कुठे वापरली ते दाखवा. ना ५३, ना ६३.

५३ टक्के म्हणजे (१.०७ − ०.७) ÷ (१.४ − ०.७). हा त्याच हिशेबाचा जवळचा रस्ता आहे, पाऊसपाण्याचा अंदाज नव्हे. ६३ टक्के हा अंदाज, आणि तोही बरोबर आहे: ६३ टक्के धरून वर्षभरानंतरचं सरासरी मूल्य धंद्याच्या जोखमीला साजेशा १४ टक्के दराने आजवर मागे आणलं की ४.८० च येतात. दोन्ही आकडे एका रिपोर्टात राहू शकतात, कारण त्यांची कामं वेगळी आहेत.

विश्रामबागकर:
मग सरळ ६३ टक्के गुणिले १.३६ करा आणि १४ टक्क्यांनी मागे आणा. धंदा तोच, जोखीम तीच, दर तोच. माझ्याकडे ७५ लाख येतात. उत्तरं दोन आली की रीत चुकली, एवढं आम्हाला शाळेत शिकवलंय.

कृष्णाकाठ:
जोखीम तीच नाही, आणि गोम इथेच आहे. धंदा वाईट वर्षी ३० टक्क्यांनी पडतो, ऑप्शन पुरता शून्य होतो. कर्ज काढून हिस्सा घेतल्यासारखाच तो आहे हे वर दाखवलं. त्याला १४ टक्के लावणं म्हणजे जोखीम कमी लेखणं. ६३ टक्क्यांनीच जायचं तर ६७ लाख येण्यासाठी दर २७ टक्के लावावा लागतो. आता हा २७ आधी कुणाला माहीत असणार? तो कळायला ऑप्शनची किंमत लागते, आणि किंमत काढायला तो दर. या फेऱ्यातून सुटण्यासाठीच ही रीत आहे. कॉक्स, रॉस आणि रुबिनस्टाईन यांनी १९७९ साली बायनॉमियल मांडलं ते याच पायावर.

आकडेमोड:
शक्यतेचं पटलं. पण १.४ आणि ०.७ आले कुठून? हे हवेतले आहेत. सांगली-तासगावच्या सौद्यांतले बेदाण्याचे जुने दर घ्या, त्यांचा चढउतार काढा आणि तो इथे घाला. मी असतो तर तसंच केलं असतं.

सावळजचा बागायतदार:
ओ आकडेमोड, कधी बेदाणा कोल्ड स्टोरेजला लावलाय का? दर चढला की माल बाहेर निघतो. दर पडला की आम्ही विकत न्हाई, माल आत पडून ऱ्हातो आणि भाडं चालू ऱ्हातं. ज्या साली आम्ही रडतो त्या साली ह्यांची चेंबर फुल्ल. तुमी बेदाण्याचा दर घालून हिशेब केला तर त्यांचं चांगलं साल वाईट दिसंल.

आणि माल किती येनार ते तरी दरावर कुठं हाय? द्राक्षाला भाव नसला की लोक बेदाण्याकडं वळतात, मग शेडवर रॅक पुरत न्हाईत. छाटणीनंतर अवकाळी झाला तर घडच जातो, मग ना द्राक्ष ना बेदाना. आमच्या एका सालाच्या भाड्यात ह्यांचं अर्धं चेंबर निघालं असंल. त्याचा ऑप्शन कोन काढनार?

मिरज रस्ता:
बागायतदार, भाड्यावरून बोलताय म्हणून मध्ये पडतो. मी कोल्ड स्टोरेज चालवतो. अमोनिया प्लांट दिवसरात्र चालतो, वीजबिल माल अर्धा असला म्हणून अर्धं येत नाही. भाडं वाढवलं की तुम्हीच चार मैलांवर दुसरीकडे जाता.

सावळजचा बागायतदार:
जातो की! माल आमचा हाय. एकदा तुमच्यासारख्याच एका ठिकानी ठेवला, काढताना बघतो तर खालचे बॉक्स ओले आणि मालाचा रंग गेलेला. नुकसानभरपाई मागितली तर पावतीवरची बारीक ओळ दाखवली. तवा वीजबिल आमाला सांगू नका.

मिरज रस्ता:
दुसऱ्याच्या ओल्या बॉक्सचा राग माझ्यावर का? माझ्याकडचा माल येऊन बघा आणि मग बोला.

कृष्णाकाठ:
दोघांनी भाड्याचं भांडण वेगळं करा, पण बागायतदारांचं म्हणणं इथे फार उपयोगाचं आहे. बायनॉमियलच्या दोन वाटांवर ठेवायचं ते धंद्याचं मूल्य, बेदाण्याचा दर नव्हे. कोल्ड स्टोरेजचं उत्पन्न म्हणजे किती बॉक्स, किती महिने, काय भाड्याने. यातला प्रत्येक घटक वरखाली करून धंद्याचं मूल्य किती हलतं ते बघायचं. १.४ आणि ०.७ म्हणजे वर्षाला ३५ टक्क्यांच्या आसपास चढउतार. एकाच जिल्ह्यातल्या, एकाच पिकावर चालणाऱ्या धंद्याला तो मला अवास्तव वाटत नाही. आकडेमोड, चढउतार मोजायचा हा आग्रह बरोबर, मोजायची वस्तू चुकली.

आकडेमोड:
ठीक. पण धंद्याच्या मूल्याचा बाजार कुठे भरतो? ४०.५ टक्के हिस्सा तुम्ही कुणाकडून विकत घेणार? तो हिस्सा मिळत नसेल तर सगळा हिशेब कागदावरच राहतो.

कृष्णाकाठ:
विकत मिळत नाही, मान्य. पण ४.८० कोटी हे मूल्य तुम्ही मान्य करता तेव्हा ‘असा धंदा बाजारात असता तर एवढ्याला गेला असता’ हेच म्हणता. तेवढं एनपीव्हीला चालतं तर ऑप्शनलाही चालायला हवं. ४.८० वर विश्वास नसेल तर वजा २० लाखांवरही ठेवू नका.

निवृत्त शाखाधिकारी:
कर्जाचा विषय निघाला म्हणून सांगतो. बँक ६७ लाखांवर दमडी देणार नाही. ऑप्शन तारण ठेवता येत नाही. आमच्याकडे अशी विस्ताराची प्रकरणं यायची, मंजुरी होईपर्यंत हंगाम उलटायचा.

कृष्णाकाठ:
साहेब, प्रश्न कर्जाचा नव्हता, पण तुमच्या शेवटच्या वाक्याला वजन आहे. चांगल्या वर्षी २ कोटी वेळेवर उभे राहिले नाहीत तर १.३६ मिळणार नाहीत. वापरता न येणाऱ्या हक्काची किंमत शून्य.

मिरज रस्ता:
मी खरी अडचण सांगतो. मी एका तेजीच्या वर्षी दुसरं चेंबर काढलं. त्याच वर्षी त्याच पट्ट्यात आणखी तिघांनी काढलं. माझं नवं चेंबर पहिल्या दोन हंगामांत कधी पूर्ण भरलं नाही. चांगलं साल सगळ्यांनाच दिसतं. क्षमता दीडपट केली म्हणून कमाई दीडपट होत नाही हो.

कृष्णाकाठ:
रिपोर्टावर खरा हल्ला हा आहे आणि तो मला खोडता येत नाही. ६७ लाख येतात ते वाढीचा हक्क एकट्याचा आहे असं धरून. शेजारी तेच बांधू शकत असेल तर वाढीव ५० टक्के क्षमतेतून मूल्य समजा ३५ टक्केच वाढलं. मग ६.७२ वर २.३५ कोटी, खर्च २, उरले ३५ लाख. वाईट वर्षी पूर्वीसारखंच शून्य. आजची किंमत १७ लाख. वजा २० मध्ये १७ मिळवा, प्रोजेक्ट अजून ३ लाखांनी तोट्यात. साधारण ३६ टक्क्यांच्या खाली गेलात की ऑप्शनसुद्धा हा प्रोजेक्ट वाचवत नाही. रिपोर्टात ही ओळ असायलाच हवी होती.

विश्रामबागकर:
म्हणजे शक्यतेवरून मी चुकलो असेन, पण फाइल बंद करा म्हटलं ते अगदीच वेडेपणाचं नव्हतं. आता एक विचारतो. ५ कोटींत ३० लाख हे जादा जमीन, मोठा ट्रान्सफॉर्मर आणि दुसऱ्या चेंबरसाठी आत्ताच टाकलेल्या पाइपलाइनचे आहेत. ते काढले तर खर्च ४.७० आणि एनपीव्ही अधिक १० लाख. मग ऑप्शनची गरजच काय?

कृष्णाकाठ:
हा प्रश्न पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवा होता. तुलना ‘प्रोजेक्ट की काहीच नाही’ अशी नसून ३० लाखांत हक्क घ्यायचा की नाही, अशी आहे. ३० लाखांत ६७ लाखांचा हक्क, घ्या. १७ चा असेल तर घेऊ नका.

आकडेमोड:
थांबा. ३० लाख आज नाही घातले तरी पुढे वाढवता येतंच की, फक्त महाग पडेल. समजा २ च्या जागी २.६० कोटी. चांगल्या वर्षी ३.३६ वजा २.६०, ७६ लाख. आजची किंमत साडेसदतीस लाख. त्यात १० मिळवा, साडेसत्तेचाळीस. तुमचा मार्ग वजा २० अधिक ६७, सत्तेचाळीस. दोन्ही सारखेच!

कृष्णाकाठ:
हिशेब बरोबर आहे. २.६० च्या वर गेलं तर आजच तयारी करा, खाली राहिलं तर थांबा. पण शेजारच्यांनी गर्दी केली तर आधी घातलेले ३० लाख परत येत नाहीत, म्हणून बरोबरीत मी थांबण्याकडे झुकेन.

मिरज रस्ता:
२.६० त होणार नाही. चालू प्लांट थांबवून लाइन जोडायची म्हणजे आत माल असताना तापमान चढणार. ते काम माल कमी असताना करावं लागतं, आणि चांगल्या वर्षी माल कमी नसतो.

सावळजचा बागायतदार:
आणि तापमान चढलं की रंग कुनाचा जातो?

विश्रामबागकर:
मिरज रस्ता, चालू प्लांटला लाइन जोडायचं अंदाजे कोटेशन मिळेल का? सल्लागाराला तो आकडा विचारतो. त्याने ६७ काढले, हा काढला की नाही ते बघू.