जुनी ट्रेडमिल : फोटोवरून मोटर खरंच ४.५ एचपीची आहे का, आणि २२,००० देऊ का?

सिंहगडरोडकर
आईबाबांसाठी जुनी ट्रेडमिल बघतोय, फक्त चालायला. बाबा ८८ किलो, आई ६२. एका जाहिरातीतला फोटो जोडलाय. काळी, घडी होणारी मशीन, मोटरच्या कव्हरवर ‘४.५ एचपी’ असा मोठा स्टिकर, कंपनीचं नाव अर्धं खरवडलेलं. विकणारा म्हणतो तीन वर्षं जुनी, जेमतेम वापरली, बिल हरवलं. मागतोय २२,०००. मॉडेल कोणाला ओळखू येतंय का? किंमत रास्त आहे का?

नाशिकचा_नंदू
२२ जास्त वाटतात. पण ४.५ एचपी असेल तर मोटर दणकट आहे, बाबांचं वजन आरामात पेलेल. जाहिरातीत कमाल वजन ११० किलो दिलंय, म्हणजे मोटर तेवढी ताकदवान असणारच.

पट्टा_पुली
नंदू, ११० किलो हा आकडा मुख्यतः सांगाडा आणि खालची फळी किती भार सोसेल त्याचा. त्यावरून मोटर ठरवता येत नाही.

धागाकर्ते, नावाच्या मागे फार लागू नका. एकाच कारखान्यातली मशीन चार-पाच वेगवेगळ्या स्टिकरांनी विकली जाते. फोटो इमेज सर्चमध्ये टाकलात तर जुळी भावंडं सापडतील. जुळवताना रंग बघू नका. पॅनलवर सेफ्टी की कुठे आहे, मोटरच्या कव्हरवरच्या जाळीचा आकार आणि मागच्या रोलरच्या टोप्या बघा. नेमका मॉडेल नंबर बहुधा पुढे खाली, चालू-बंद बटणाजवळच्या छोट्या स्टिकरवर असतो. त्याचा जवळून फोटो मागवा.

तुमच्या फोटोत एक चांगली गोष्ट आहे, खालची फरशी. ती नेहमीची दोन बाय दोन फुटांची, म्हणजे साधारण ६० सेंमीची दिसते. पट्ट्याची रुंदी एका फरशीच्या दोन तृतीयांशाहून जराशी जास्त भरते, म्हणजे ४२ सेंमीच्या आसपास. कव्हरपासून मागच्या रोलरपर्यंत दोन फरश्यांना थोडं कमी, म्हणजे ११०-११५ सेंमी. फोटो तिरका आहे, त्यामुळे पाचेक सेंमी इकडेतिकडे धरा. ही चालण्याची मशीन आहे. पळण्याच्या मशीनला पट्टा १३० सेंमीच्या पुढे लागतो, आणि इतक्या लहान सांगाड्यात कोणी सतत ४.५ एचपी देणारी मोटर बसवत नाही.

ठाण्याची_मीनल
आमच्याकडे एक्सरसाइज सायकल आहे, तीही विकायची आहे. तिची मोटर किती एचपीची हे कुठे बघायचं?

पट्टा_पुली
मीनलताई, सायकल तुमच्या पायांनी फिरते, तिला एचपी नसतो. तिथे चाकाला अडवणारं काय आहे ते बघा. वर नमद्याची गादी घासत असेल तर ती झिजते आणि भाव कमी येतो. चुंबक असेल तर बरा येतो. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं. कोणी चुकीच्या दिशेने पिळून बसवलं असेल तर क्रँकचे आटे गेलेले असतात, गिऱ्हाईक ते आधी तपासेल. बाकीचं वेगळ्या धाग्यात विचारा, इथे गुंता होईल.

सिंहगडरोडकर
मग ४.५ एचपी हे खोटंच का?

पट्टा_पुली
खोटं म्हणण्यापेक्षा, तो क्षणभराचा कमाल आकडा आहे. तेवढा जोर मोटर काही क्षण दाखवू शकते, अर्धा तास नाही. घरबसल्या पडताळता येतं. एक एचपी म्हणजे ७४६ वॉट, तर ४.५ एचपी म्हणजे जवळपास ३,३५० वॉट. २३० व्होल्टवर झाले साडेचौदा अँपिअर. विकणाऱ्याला प्लगचा फोटो मागा. बारीक पिनांचा ६ अँपिअरचा प्लग असेल तर त्यातून १,३८० वॉटच्या वर सतत घ्यायचे नाहीत. जाड पिनांचा १६ अँपिअरचा निघाला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, तो सावधगिरी म्हणूनही लावतात.

खरा आकडा मोटरच्या अंगावरच्या पाटीवर. प्लग काढा, पाच-दहा मिनिटं थांबा कारण मोटर चालवणाऱ्या सर्किटच्या कार्डावरच्या कपॅसिटरमध्ये वीज राहते, मग कव्हरचे चार-सहा स्क्रू काढा. आणि विकणाऱ्यालाच काढू द्या.

नाशिकचा_नंदू
टाँग टेस्टर न्या. मशीनच्या वायरीला अडकवला की किती अँपिअर घेते ते लगेच दिसेल.

पट्टा_पुली
अख्ख्या वायरीला अडकवलात तर शून्याजवळ दाखवेल, कारण जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना खोडतात. एकच तार जबड्यात हवी. तारा वेगळ्या काढलेली एक्स्टेन्शन असेल तरच तो उद्योग करा.

सिंहगडरोडकर
काल जाऊन आलो. प्लग ६ अँपिअरचा. मोटरच्या पाटीवर १८० व्होल्ट डीसी, ७.५ अँपिअर, १.५ एचपी. पट्ट्याच्या कडेला बारीक दोरे सुटलेत. चालू करून दाखवली, रिकामी १० किमीच्या वेगाने छान पळाली.

पट्टा_पुली
पाटी हिशेबाला बसते. १८० गुणिले ७.५ म्हणजे १,३५० वॉट आत, १.५ एचपी म्हणजे सुमारे १,१२० वॉट बाहेर, उरलेली उष्णता. म्हणजे पाटी विश्वासार्ह वाटते. चालण्यासाठी दीड एचपी पुरते.

पण रिकामी पळवून दाखवणं ही परीक्षा नव्हे. कस लागतो तो वजन घेऊन हळू चालताना. फळीवरचं घर्षण वजनावर ठरतं, वेगावर फारसं नाही. त्यामुळे ताशी २ किमीला मोटर जवळपास तेवढाच प्रवाह घेते, पण तिचा पंखा मात्र मंद फिरत असतो. पट्टा कोरडा असेल तर आधी मोटर तापते आणि मग कार्ड जळतं. बाबांनाच घेऊन जा. २ किमीच्या वेगाला पंधरा मिनिटं चालवा. जळका वास किंवा अडखळणं जाणवलं तर सोडून द्या. बंद केल्यावर पट्ट्याखाली हात सरकवा. तेलकट लागलं पाहिजे. हाताला काळी भुकटी आली तर फळी घासली गेली आहे.

सिंहगडरोडकर
बाबांना घेऊन गेलो. वास नाही. पण पाऊल टाकलं की पट्टा क्षणभर थांबतोय. हाताला किंचित तेल लागलं, भुकटी नाही.

पट्टा_पुली
पट्टा थांबतो तेव्हा पुढचा रोलर फिरत राहतो का? फिरत असेल तर पट्टा सैल आहे. मागचे दोन्ही बोल्ट अ‍ॅलन कीने सारखेच, पाव-पाव फेरा घट्ट करायचे. रोलरही थांबत असेल आणि मोटर फिरत असेल तर मोटरचा बारीक खाचांचा पट्टा घसरतोय. मोटरच दबत असेल तर तो वेगळा आणि महागडा प्रश्न.

सिंहगडरोडकर
रोलर फिरत होता. त्याने समोरच पाव फेरा दिला, नंतर आणखी पाव. थांबणं गेलं. आता किंमत सांगा.

पट्टा_पुली
एमआरपीवर जाऊ नका, आज ऑनलाइन प्रत्यक्ष कितीला मिळते तो पाया धरा. तुम्हाला सापडलेली जुळी मशीन २८,०००ची असेल तर तीन वर्षांनी निम्मी, १४,०००. कडा सुटल्यात, पट्टा वर्षभरात बदलावा लागेल, त्याचे साडेतीन हजार वजा. नेण्या-बसवण्याचे दीड हजार. माझ्या लेखी ९,०००.

नाशिकचा_नंदू
९ला कोणी देणार नाही. मोटर ठीक, कार्ड ठीक, चालवून बघितली. १२ द्यायला हरकत नाही, पट्टा तर काय आज बदलायचा नाहीये.

पट्टा_पुली
कार्ड आज ठीक आहे एवढंच आपल्याला कळलंय. नवं घ्यावं लागलं तर पाच ते आठ हजार जातात, आणि बिल नसल्यामुळे तो धोका पूर्ण तुमचा. म्हणून मी १०च्या वर जाणार नाही.

सिंहगडरोडकर
तो १३वर अडलाय. रविवारी पुन्हा फोन करतो. तोवर एक विचारतो, फळीला तेल कुठलं? घरात शिलाई मशीनचं आहे.

पट्टा_पुली
ते नको. खनिज तेलाने पट्ट्याचा मागचा थर खराब होतो. शुद्ध सिलिकॉन तेल आणा. पट्टा दोन्ही बाजूंनी उचलून मधोमध, जिथे पाय पडतात तिथे सोडा. दोन्ही बाजू मिळून २०-३० मिली पुरे. जास्त झालं तर पट्टा पुन्हा घसरेल आणि तुम्हाला वाटेल बोल्टच सैल झाले.