मदत हवी आहे: पावडरच्या सिलिंडरने विझलेली गवतगंजी अर्ध्या तासात परत पेटली, असं का?

खानापूरकर_पोरगा
परवा संध्याकाळी आमच्या परड्यातल्या पिंजराच्या गंजीला एका बाजूनं आग लागली. भावाच्या वर्कशॉपमधलं ६ किलोचं पावडरचं सिलिंडर घरीच होतं. मारल्याबरोबर ज्वाळा गायब! सगळे चहाला बसलो, तर अर्ध्या तासात गंजी परत भडकली. मग ११२ ला फोन केला, बंब येईपर्यंत निम्मी गेली. शाळेत त्रिकोण शिकलो होतो: जळण, हवा, उष्णता. पावडरनं यातलं नेमकं काय काढलं? उरलेली गंजी अजून धुमसते आहे, तिचं काय करू?

निपाणी_वडेवाला
माझ्या गाड्यावर कढईतलं तेल पेटलं तेव्हा पोरानं तांब्याभर पाणी ओतलं आणि छपरापर्यंत भडका उडाला. पाणी अजिबात मारू नका, झाकणच टाका.

खानापूरकर_पोरगा
काका, तेल नव्हे हो, पिंजर आहे.

तिसरी_गल्ली
तरी तत्त्व तेच की. हवा तोडायची. ओली ताडपत्री टाकून कडेनं माती लावा, गुदमरून विझेल.

जुना_बंबवाला
अग्निशमनात ३१ वर्षं काढली, म्हणून सांगतो. ताडपत्रीचा सल्ला कढईला लागू, गंजीला नाही. ज्वाळेला भरपूर हवा लागते, साधारण १५ टक्क्यांच्या खाली ऑक्सिजन गेला की बहुतेक ज्वाळा मरतात. धुमसणारा निखारा त्याहून पुष्कळ कमी हवेवर तग धरतो, आणि पिंजराच्या काड्याकाड्यांत हवा असतेच. ताडपत्रीखाली तो दोन दिवससुद्धा खात बसेल. वडेवाल्यांचं तेलाबद्दल बरोबर आहे. पाणी तेलापेक्षा जड, तळाला जाऊन त्याची एकदम वाफ होते आणि ती पेटतं तेल वर उडवते. पिंजराला मात्र पाणीच हवं.

आता पावडर. ज्वाळा म्हणजे काडी जळते असं नाही. तापलेल्या काडीतून निघणारा वायू जळतो. त्या जळण्यात क्षणोक्षणी अर्धवट तुटलेले कण तयार होतात, ते शेजारच्या वायूला तोडतात, तो पुढच्याला. वरातीत एकानं फुगडी धरली की दुसरा ओढला जातो, तसं. पावडर मुख्यतः हे कण पकडते आणि साखळी तुटते. त्रिकोणाला हा चौथा कोपरा जोडला की चौकोनी पिरॅमिड नव्हे, चार त्रिकोणांचा चतुष्फलक होतो. पण निखाऱ्यात ज्वाळाच नसते. तिथं कोळसा थेट हवेशी जळतो, तोडायला साखळी नाही. त्यामुळे चौथा कोपरा काढलात, उष्णता आत तशीच राहिली. वारा आला, परत वायू सुटला, परत ज्वाळा.

सिलिंडरवर काय लिहिलंय ते बघा.

खानापूरकर_पोरगा
'बीसी' लिहिलंय.

जुना_बंबवाला
मग तर झालंच. ती पावडर पेट्रोल, गॅस यांच्यासाठी. 'एबीसी' असती तर वितळून वरच्या निखाऱ्यावर थर धरला असता. पण हातभर आत तीही पोचत नाही.

आता करायचं काय? शाबूत पिंजर आधी लांब ओढा, म्हणजे जळण तोडलंत. मग धुमसणारा भाग दाताळ्यानं थोडा थोडा सोडवा आणि प्रत्येक पेंढी भिजवा. सोडवताना हवा मिळून भडकणारच, म्हणून पाण्याचा पाइप हातात तयार असल्याशिवाय दाताळं घालू नका. वरून नुसता फवारा मारलात तर पाणी गवती छपरासारखं घरंगळून जाईल. पाण्यात थोडी कपड्याची पावडर टाका, ते आत मुरतं. गंजीवर चढू नका. आतून पोकळ झालेली असते, माणूस आत जातो. आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं राहा, धूर विषारी असतो.

तिसरी_गल्ली
मान्य. पण विझली हे कळणार कसं?

जुना_बंबवाला
लोखंडी सळई आत खुपसून दहा-पंधरा मिनिटं ठेवायची. बाहेर काढून हातात धरवत नसेल, तर आत जिवंत आहे. रात्री एक माणूस राखणीला ठेवा.

सुगीची_वैनी
पण लागली कशी? आमच्याकडं सुगीत ओलं पिंजर रचलेलं, आतून तापून वाफा यायच्या. तसंच असेल.

खानापूरकर_पोरगा
वैनी, रचून तीन महिने झाले की. तापायचं ते पहिल्या काही आठवड्यांत तापलं असतं ना? आई म्हणते कोणीतरी विडी टाकली. कळलं नाही अजून.

आज चार ठिकाणी सळई घातली. तीन गार निघाल्या, भिंतीकडची चटका देते. तिकडं पाइप पोचत नाही, घागरींनी चाललंय. आणि पावडर पडलेलं पिंजर म्हशीला घालावं का?

सुगीची_वैनी
नको बाई. खतात टाका.

निपाणी_वडेवाला
माझ्या गाड्याला मग कुठलं सिलिंडर घेऊ?